विश्लेषण : ४० किलोपुढे जादा दर दिला, तर कापूस वेचणीचा खर्च वाढतो की घटतो?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकली की कपाशीच्या पट्ट्यात मजुरांची ओढाताण सुरू होते. कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या तालुक्यांत बोंडे एकदम फुटतात, वेचणीला बाया मिळत नाहीत आणि आभाळ भरून आले की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. अशा वेळी एक तोडगा हमखास सुचवला जातो. वेचणीचा दर सगळ्या किलोंना सारखा ठेवायचा नाही. ठरलेल्या वजनापर्यंत नेहमीचा दर आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोला जादा दर द्यायचा. बाया जास्त वेचतील, काम लवकर उरकेल आणि खर्चही कमी होईल, असा त्यामागचा हिशेब. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा घडतात. तिसरी घडतेच असे नाही. ती कधी घडते आणि कधी नाही, याचे गणित सोपे आहे, पण ते आधी मांडून पाहावे लागते.

ही पद्धत आली कुठून?

नगावर मजुरी जुनीच आहे. पण कामाच्या प्रमाणात दरच बदलण्याची पद्धत नावारूपाला आणली फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने. फिलाडेल्फियातील मिडवेल पोलाद कारखान्यात १८८४ पासून त्याने ती वापरली आणि १८९५ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचून तिचा हिशेब मांडला. त्याने दिलेले उदाहरण आजही उपयोगी आहे. लेथवर पोलादाचा एक ठरावीक भाग कातण्याचे काम होते. कामगार दिवसाला चार ते पाच नग काढत आणि त्यांना नगाला ५० सेंट मिळत. टेलरने कामाचे बारीक तुकडे करून वेळ मोजली आणि दिवसाला दहा नग निघू शकतात असे ठरवले. मग नवा दर लावला. दहा नग पूर्ण केले तर प्रत्येक नगाला ३५ सेंट. दहाच्या आत राहिला तर नगाला फक्त २५ सेंट.

पूर्वी पाच नग काढणाऱ्याला दिवसाला अडीच डॉलर मिळत. आता दहा नग काढणाऱ्याला साडेतीन डॉलर मिळू लागले. कारखान्याचा खर्च मात्र नगामागे १ डॉलर १७ सेंटवरून ६९ सेंटवर आला. याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी पाहायला हवीत. पहिले, नगाचा दर मुळातच ५० वरून ३५ सेंटवर आणला होता. ‘जादा दर’ हा फक्त २५ सेंटच्या तुलनेत जादा होता. दुसरे कारण अधिक मोठे. त्या लेथचा दिवसाचा खर्च ३ डॉलर ३७ सेंट होता, म्हणजे कामगाराच्या पूर्वीच्या मजुरीपेक्षाही जास्त. नग पाच निघोत की दहा, तो खर्च तेवढाच राहायचा. दुप्पट नगांवर तो विभागला गेला आणि नगामागे निम्मा झाला.

म्हणजे या पद्धतीत बचत होते ती मुख्यतः न बदलणाऱ्या खर्चातून. हा एक धागा धरून शेतावर येऊ.

वेचणीत न बदलणारा खर्च कोणता?

किलोवर वेचणी करून घेणारा शेतकरी खर्च सांगताना बहुधा किलोचा दरच सांगतो. पण त्याच्या खिशातून आणखी पैसे जात असतात. शेजारच्या गावातून बाया आणायच्या तर ऑटोचे भाडे असते. वजन करायला, नोंद ठेवायला आणि पाणी पुरवायला एक माणूस दिवसभर अडकतो. तो घरचा असला तरी त्याचा रोज बुडतोच. हा खर्च किलोवर ठरत नाही, दिवसावर ठरतो.

एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे आकडे त्या जागी घालता येतील. समजा, एका वेचणीत २४ क्विंटल कापूस घरी आणायचा आहे. दहा बाया येतात आणि प्रत्येकी दिवसाला ४० किलो वेचतात. दर किलोला १० रुपये. ऑटोचे भाडे ८०० आणि वजन-पाण्याचा माणूस ४०० रुपये, असा दिवसाचा न बदलणारा खर्च १,२०० रुपये.

दिवसाला ४०० किलो कापूस निघतो. मजुरी ४,००० आणि वरचा खर्च १,२००, मिळून ५,२००. म्हणजे किलोला १० नव्हे, १३ रुपये पडतात. काम सहा दिवसांत संपते आणि एकूण ३१,२०० रुपये लागतात. यातला १३ हा आकडा लक्षात ठेवायचा. पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते.

जादा दर लावल्यावर काय होते?

आता ४० किलोपर्यंत १० रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोला १२ रुपये असा दर जाहीर केला. प्रत्येक बाईने ४८ किलो वेचले असे धरू. तिला पहिल्या ४० किलोंचे ४०० आणि पुढच्या आठ किलोंचे ९६, असे ४९६ रुपये मिळतात. दहा जणींची मजुरी ४,९६० आणि वरचा खर्च १,२००, मिळून दिवसाचे ६,१६० रुपये. कापूस निघाला ४८० किलो. किलोला १२ रुपये ८३ पैसे पडले. काम पाच दिवसांत उरकले आणि एकूण ३०,८०० रुपये लागले.

बाईला दिवसाला ९६ रुपये जास्त मिळाले, एक दिवस वाचला आणि शेतकऱ्याचे ४०० रुपये वाचले. नुसती मजुरी पाहिली तर ती २४,००० वरून २४,८०० वर गेली, म्हणजे वाढलीच. बचत झाली ती एका दिवसाचे ऑटो आणि वजनाचा माणूस वाचल्यामुळे.

यातून एक पक्का नियम निघतो. वाढीव किलोला जास्तीत जास्त तेवढाच दर परवडतो, जेवढा जुन्या पद्धतीत एका किलोला सगळा मिळून खर्च येत होता. वरच्या उदाहरणात तो १३ रुपये. कारण ४१ वा किलो वेचला म्हणून ऑटो महाग होत नाही, त्या किलोला फक्त मजुरी लागते. १३ च्या खाली दर ठेवला तर सरासरी खर्च उतरतो, १३ ला जैसे थे राहतो आणि १४ दिले तर चढतो.

मजूर कमी आणि गाव लांब असेल तर ही जागा वाढते. त्याच ऑटोतून दहाऐवजी पाचच बाया आल्या तर जुना खर्च किलोला १६ रुपये पडतो, कारण १,२०० रुपये आता फक्त २०० किलोंवर विभागले जातात. तिथे हाच १२ रुपयांचा जादा दर खर्च १५ रुपये ३३ पैशांवर आणतो. २४ क्विंटलमागे १,६०० रुपये वाचतात आणि बारा दिवसांचे काम दहा दिवसांत होते. उलट बाया गावातल्याच, चालत येणाऱ्या असतील आणि वजन शेतकरी संध्याकाळी स्वतः करत असेल, तर विभागायला खर्चच उरत नाही. तिथे जादा दराने खर्च कमी होणार नाही, फक्त काम लवकर होईल.

जादा दर सगळ्या किलोंना की फक्त पुढच्या किलोंना?

बोलताना हा फरक हमखास निसटतो आणि संध्याकाळी वजनकाट्यापाशी त्यावरूनच वाद होतो. ‘४० च्या वर गेलात तर १२ रुपये’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. शेतकऱ्याच्या मनात फक्त वरच्या आठ किलोंना १२ असतात. बायांच्या मनात सगळ्या ४८ किलोंना १२ असतात. टेलरची मूळ पद्धत दुसऱ्या प्रकारची होती, तेव्हा बायांचा अर्थ चुकीचा म्हणता येत नाही.

पण खर्चात फरक मोठा पडतो. सगळ्या ४८ किलोंना १२ दिले तर एका बाईची मजुरी ५७६ रुपये होते, किलोचा एकूण खर्च साडेचौदा रुपयांवर जातो आणि पाच दिवसांचे ३४,८०० रुपये लागतात. जुन्या पद्धतीपेक्षा ३,६०० जास्त. सगळ्या किलोंना दर वाढवायचा तर या उदाहरणात किलोला साडेदहा रुपयांच्या पुढे जाता येत नाही.

टेलरच्या पद्धतीत दुसरीही खोट आहे. समजा, ४० च्या आत राहिली तर किलोला ८ आणि ४० गाठले तर सगळ्यांना १२, असा दर लावला. ३९ किलो वेचणाऱ्या बाईला ३१२ रुपये आणि ४० किलोवालीला ४८०. एका किलोसाठी १६८ रुपयांचा फरक. मग फडक्याचे वजन किती धरले, काट्यावर कडता किती कापला, यावरून रोज भांडण ठरलेले. शिवाय कमी वेचणारीला दंड करणारा दर कायद्यातही अडकतो. शेतकामाला किमान वेतन लागू आहे. नगावर काम दिले आणि त्या कामासाठी वेगळा किमान नगदर ठरलेला नसेल, तर दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणून आपल्याकडे दर खाली न आणता फक्त वरच्या किलोंना वाढवणे हाच मार्ग उरतो.

सरासरी ४० असली, तर ४० ची अट बरोबर का?

इथे बहुतेक योजना फसतात. दहा जणींची सरासरी ४० किलो आहे याचा अर्थ प्रत्येक जण ४० वेचते असा नाही. समजा, पाच जणी सराईत आहेत आणि आधीच ४८ किलो वेचतात. उरलेल्या पाच जणी ३२ वेचतात. त्यांत वय झालेल्या असतील, नवख्या असतील, लहान मूल सोबत आणलेल्या असतील.

जादा दर जाहीर झाला त्या दिवशी कुणीही एक किलोसुद्धा जास्त वेचला नाही, तरी पाच सराईत बायांना प्रत्येकी आठ किलोंवर दोन-दोन रुपये जास्त मिळतात. शेतकऱ्याचे दिवसाला ८० रुपये जास्त जातात आणि कापूस तेवढाच राहतो. किलोचा खर्च १३ वरून १३ रुपये २० पैशांवर चढतो. आता सराईत बायांनी जोर लावून ५६ किलो वेचले असे धरले, तरी खर्च १३ रुपये ९ पैसे पडतो. कापूस दहा टक्के वाढला आणि खर्चही वाढला! कारण ४० च्या पुढचा प्रत्येक नवा किलो १३ ऐवजी १२ ला पडतो, म्हणजे एकच रुपया वाचवतो. आधीच सुटलेले ८० रुपये भरून यायला त्या पाच जणींनी मिळून रोज ८० किलो जास्त वेचायला हवेत. प्रत्येकी १६ किलो. ते शक्य नाही.

उपाय म्हणून अट ४८ किलोवर नेली तर सराईत बायांचे फुकटचे पैसे थांबतात, पण ३२ वेचणाऱ्या पाच जणींना ती योजना नसल्यासारखीच. टेलरनंतर मेरिक या अभियंत्याने एकाऐवजी दोन पायऱ्या ठेवल्या आणि दंडाचा दर काढून टाकला. वेचणीतही तसे करता येते. ३६ किलोपुढे थोडा जादा दर आणि ४८ पुढे आणखी थोडा. पण दर ठरवण्याआधी दोन-तीन दिवस प्रत्येकीच्या नावापुढे तिचे वजन लिहून ठेवणे याला पर्याय नाही. ही वही नसताना ठरवलेली अट म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

वही आणखी एका कामी येते. मायलेकी किंवा जावाजावा दोघींचा कापूस एकाच गाठोड्यात बांधून एकीच्या नावावर मोजायला देतात. तीस-तीस किलो वेचलेल्या दोघींचे साठ किलो एकीच्या नावावर गेले की वीस किलोंना जादा दर लागतो. यात कापूस वाढत नाही, फक्त मजुरी वाढते. एका नावावर अचानक मोठे वजन आणि शेजारच्या ओळीतली बाई हजर असूनही तिच्या नावावर काहीच नाही, असे दिसले की समजावे.

वजन वाढले, पण कापूस कसा आला?

वजनावर जादा दर लावला की हात वजनाकडे धावतो. बोंड नीट न सोडवता ओढले की वाळलेली पत्ती आणि बोंडाचे तुकडे कापसात येतात. किडकी कवडी वेगळी न ठेवता चांगल्या कापसात मिसळते. सकाळी दव उतरायच्या आत वेचलेला कापूस ओला असतो, त्यात पाण्याचे वजन असते आणि त्या पाण्यालाही मजुरी मोजावी लागते. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही.

हे किती महागात पडते ते पाहा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. पत्ती-कवडीमुळे भावात फक्त एक टक्का कपात झाली तर क्विंटलमागे ८१ रुपये, म्हणजे किलोमागे ८१ पैसे गेले. जादा दराने वाचले होते किलोमागे १७ पैसे. वेचणीत मिळवलेले काट्यावर जवळपास पाच पटीने परत गेले.

म्हणून जादा दराला स्वच्छ कापसाची अट जोडावी लागते. दव सुकल्यावरच वेचणीला सुरुवात, कवडीला वेगळे फडके आणि वजन करताना गाठोडे उघडून पाहणे. पत्ती दिसली तर त्या गाठोड्याला फक्त मूळ दर. ही अट पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगितलेली असावी. संध्याकाळी गाठोडे उघडून मग नियम सांगितला तर दुसऱ्या दिवशी ऑटो रिकामा येतो.

तिसऱ्या वेचणीलाही तीच अट चालेल का?

नाही. पहिल्या-दुसऱ्या वेचणीत झाडावर कापूस भरपूर असतो, तेव्हा हात चालवला तर वजन वाढते. शेवटच्या वेचणीत बोंडे तुरळक आणि लहान, चालणे जास्त आणि कापूस कमी. तिथे दिवसाला २० किलोच निघत असतील तर ४० ची अट कुणीच गाठणार नाही आणि १० रुपये दराने बाईचा रोज २०० वर येईल. त्या रोजावर कुणी येत नाही. म्हणूनच हंगाम सरत जातो तसा किलोचा मूळ दरच चढतो. अट ठेवायची तर ती प्रत्येक वेचणीची वेगळी हवी.

मात्र एका वेचणीच्या मध्येच अट वाढवणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. बाया ४८ किलो वेचताहेत हे पाहून तिसऱ्या दिवशी अट ४० वरून ४८ केली, की त्या पुन्हा ४८ च्या पुढे जात नाहीत. पुढच्या शेतात तर ४० लाच हात थांबतो. जास्त वेचले तर अट वाढते, हे त्यांना कळलेले असते. नगाचा दर असा मागाहून कापल्यामुळेच कामगार मुद्दाम हळू काम करतात, हे खुद्द टेलरने लिहून ठेवले आहे.

मग परवडते कुणाला?

आधी एका किलोचा सगळा मिळून खर्च काढावा. तो मजुरीच्या दरापेक्षा जेमतेम रुपया-दोन रुपयांनी जास्त असेल, तर जादा दराने खर्च कमी होईल ही आशा सोडावी. बाया लांबून येत असतील, कमी येत असतील आणि ऑटोचे भाडे अंगावर येत असेल, तर वरच्या किलोंना त्या आकड्याच्या आतला दर लावून पाहायला हरकत नाही.

आभाळ भरून आले असेल तर हिशेब बदलतो. तिथे जादा दर हा खर्च वाचवण्यासाठी नसतो, दिवस विकत घेण्यासाठी असतो. झाडावरचा फुटलेला कापूस भिजून त्याचा रंग गेला तर क्विंटलमागे होणारे नुकसान वेचणीच्या जादा दरापेक्षा खूप मोठे असते. अशा वेळी वाढीव किलोला १३ ऐवजी १५ रुपये देणारा शेतकरी तोट्यात गेला असे म्हणता येत नाही. फक्त तो दर तेवढ्या दिवसांपुरता आहे, हे बायांना आधी सांगितलेले असावे.